विक्री वाढली, नफा घटला: दोन वर्षांतला फरक वॉटरफॉल चार्टमध्ये मांडताना

(हे प्रकरण खरं आहे, पण ओळख पटू नये म्हणून व्यवसायाचे तपशील बदलले आहेत आणि आकडे एकाच प्रमाणात लहान केले आहेत. नग आणि दर सोडले तर सगळे आकडे लाखांत आहेत.)

## पार्श्वभूमी

एका मध्यम आकाराच्या उत्पादक कंपनीत एकच उपकरण दोन प्रकारांत तयार होतं. मोठ्या प्रकाराचा विक्रीदर १,०५० आणि छोट्याचा ८००. मागच्या वर्षी दोन्ही मिळून १०,००० नग विकले गेले, या वर्षी १२,०००. विक्री १०० वरून ११६.४ वर गेली, पण नफा १५ वरून १४.५ वर आला.

घट अर्ध्या लाखाची. तेवढ्यासाठी बैठक कशाला, असं कुणीही म्हणेल. पण संचालकांचा प्रश्न वेगळा होता: २,००० नग जास्त विकले, तर त्यातून आलेला पैसा गेला कुठे? पुढच्या आठवड्यात कर्ज देणाऱ्या संस्थेच्या प्रतिनिधींसमोर याच प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं. नफातोटा पत्रक नको, एका पानावर दिसेल असं काहीतरी करा, असं संचालकांनी लेखाप्रमुखांना सांगितलं.

## अडचण

पहिला प्रयत्न कुणीही करेल तसाच होता. नफातोटा पत्रकातल्या प्रत्येक ओळीचा दोन वर्षांतला फरक काढायचा आणि तो वॉटरफॉल चार्टवर चढवायचा, म्हणजे मागच्या वर्षीच्या नफ्यापासून या वर्षीच्या नफ्यापर्यंत वाढ-घटीचे स्तंभ पायऱ्यांसारखे मांडायचे. विक्री +१६.४, कच्चा माल −१२.४, वाहतूक −२.२, पगार −३.५, इतर खर्च −१.३, जुनं यंत्र विकून आलेला फायदा +२.५. बेरीज बरोबर −०.५. चार्ट देखणा झाला, हिशोबही चोख होता, आणि उत्तर मात्र कुठेच नव्हतं.

कारण असं की विक्रीचा +१६.४ आणि कच्च्या मालाचा −१२.४ हे दोन मोठे स्तंभ बऱ्याच अंशी एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत. नग जास्त विकले की माल जास्त लागणारच. तो लाल स्तंभ पाहून ‘कच्च्या मालाने नफा खाल्ला’ असं वाटतं, पण त्यातला किती भाग जास्त नगांमुळे आहे आणि किती महागाईमुळे, हे त्या स्तंभातून कळत नाही. पत्रकाच्या ओळी म्हणजे खर्चाची नावं. संचालकांना हवी होती कारणं.

## समोर असलेले पर्याय

चार्टबद्दलचे पर्याय लवकर निकालात निघाले. साधा तक्ता द्यावा, तर पानावर आठ आकडे आणि त्यांची बेरीज डोक्यात करण्याचं काम बघणाऱ्यावर. एक्सेलमध्ये २०१६ च्या आवृत्तीपासून वॉटरफॉल हा प्रकार तयार मिळतो. त्याआधीच्या आवृत्त्यांसाठी जुनी युक्ती आहे: स्टॅक्ड कॉलम चार्ट घ्यायचा, तळाशी एक आधाराची मालिका ठेवायची आणि तिचा रंग काढून टाकायचा, म्हणजे वरचे तुकडे हवेत तरंगताना दिसतात. या युक्तीत आधाराचा आकडा म्हणजे त्या पायरीआधीची आणि नंतरची एकूण रक्कम यांतली लहान रक्कम. एकूण रक्कम कुठे शून्याखाली गेली की हा साधा हिशोब मोडतो आणि तो स्तंभ शून्याच्या वर-खाली दोन तुकड्यांत मांडावा लागतो. इथे तशी भीती नव्हती, पण कार्यालयात सगळ्यांकडे नवी आवृत्ती होती, त्यामुळे तयार चार्टच घ्यायचं ठरलं.

खरा निर्णय पायऱ्या कोणत्या ठेवायच्या याचा होता. लेखाप्रमुखांनी ओळींऐवजी कारणं घ्यायचं ठरवलं: नगसंख्या, विक्रीदर, कच्च्या मालाचा दर, वाहतुकीचा दर आणि मग पगार, इतर खर्च, यंत्रविक्री. यासाठी त्यांनी सरासरी वापरली. मागच्या वर्षी नगामागे सरासरी विक्रीदर १,०००, माल ५००, वाहतूक ५०, म्हणजे हाती ४५० उरत होते. या वर्षी सरासरी विक्रीदर ९७०, माल ५२०, वाहतूक ६०.

यावरून दुसरा आराखडा तयार झाला. जास्तीचे २,००० नग गुणिले ४५० म्हणजे +९. विक्रीदर ३० ने कमी, गुणिले १२,००० नग म्हणजे −३.६. मालाचा दर २० ने जास्त म्हणजे −२.४. वाहतूक १० ने जास्त म्हणजे −१.२. बाकीचे स्तंभ आधीसारखेच. बेरीज पुन्हा −०.५.

आता चित्र बोलकं होतं आणि ते एकच गोष्ट सांगत होतं: सर्वात मोठा फटका विक्रीदराचा. संचालकांनी ते पाहिलं आणि विक्री विभागाच्या सवलतींवर बंधन घालणारं पत्रक काढायची तयारी सुरू केली.

## आक्षेप आणि वळण

विक्रीप्रमुख बैठकीत चार्ट पाहून थबकले. “अहो, वर्षभरात आम्ही एकाही ग्राहकाला दर कमी केलेला नाही. पावत्या काढून बघा.” लेखाप्रमुखांनी काढल्या. मोठ्या प्रकाराचा दर वर्षभर १,०५०, छोट्याचा ८००. एकही अपवाद नाही.

मग सरासरी ३० ने खाली आली कशी? नगांचे आकडे प्रकारवार मांडल्यावर उलगडा झाला.

| | मागील वर्ष | चालू वर्ष |
|---|---|---|
| मोठा प्रकार, नग | ८,००० | ८,१६० |
| छोटा प्रकार, नग | २,००० | ३,८४० |
| मोठा, मालाचा खर्च नगामागे | ५३० | ५६८ |
| छोटा, मालाचा खर्च नगामागे | ३८० | ४१८ |

वाढलेल्या २,००० नगांपैकी १,८४० नग छोट्या प्रकाराचे होते. दर जागेवरच होते, टोपलीत स्वस्त वस्तू जास्त आल्या होत्या. लेखापालांच्या भाषेत हा मिश्रणाचा परिणाम. सरासरी दराने त्याला ‘दरकपात’ असं नाव दिलं आणि दोष भलत्याच माणसांवर गेला.

आणि यापेक्षा महत्त्वाची गोष्ट दुसऱ्या स्तंभात लपली होती. छोट्या प्रकाराला माल कमी लागतो. त्याचं प्रमाण वाढलं की मालाची सरासरी आपोआप खाली यायला हवी होती. ती खाली यायच्या ऐवजी २० ने वर गेली, म्हणजे खरी दरवाढ २० पेक्षा जास्त असणार. प्रकारवार पाहिलं तर दोन्हींमध्ये नगामागे ३८ ची वाढ निघाली. दोन्ही प्रकारांत बाहेरून विकत घेतलेला एकच सुटा भाग बसतो आणि ही वाढ त्या एका भागाची होती. सरासरीने विक्रीदराचा फटका शून्यातून निर्माण केला होता आणि मालाचा फटका निम्म्याजवळ आणून ठेवला होता. दोन चुका एकमेकींना सांभाळून घेत होत्या, म्हणून बेरीज जुळत होती. ब्रिज, म्हणजे दोन वर्षांच्या नफ्यांना जोडणारा हा पायऱ्यांचा हिशोब, जुळला म्हणजे बरोबर आहे असं धरून चालणाऱ्यांनी इथे जरा थांबावं.

## प्रत्यक्ष काम: हिशोब

नवा हिशोब `Units` नावाच्या शीटवर झाला. दुसऱ्या ओळीत मोठा प्रकार, तिसऱ्या ओळीत छोटा. `B` मध्ये मागच्या वर्षाचे नग, `C` मध्ये या वर्षाचे. `D`, `E`, `F` मध्ये मागच्या वर्षाचे विक्रीदर, माल आणि वाहतूक, `G`, `H`, `I` मध्ये या वर्षाचे. `J` मध्ये `D-E-F`, म्हणजे मागच्या वर्षी एका नगामागे हाती उरलेली रक्कम: मोठ्यासाठी ४७०, छोट्यासाठी ३७०.

नगसंख्येचा परिणाम काढताना असं समजायचं की वाढलेले सगळे नग जुन्याच प्रमाणात विकले गेले:

```
=(SUM(C2:C3)-SUM(B2:B3))*SUMPRODUCT(B2:B3,J2:J3)/SUM(B2:B3)/100000
```

उत्तर +९.००. मिश्रणाचा परिणाम म्हणजे या वर्षीचे नग खऱ्या प्रमाणात धरून जुन्या दराने जेवढे उरले असते, त्यातून जुन्या प्रमाणात धरून जेवढे उरले असते ते वजा:

```
=(SUMPRODUCT(C2:C3,J2:J3)-SUM(C2:C3)*SUMPRODUCT(B2:B3,J2:J3)/SUM(B2:B3))/100000
```

उत्तर −१.४४. मालाच्या दराचा परिणाम सोपा आहे, फक्त तो प्रकारवार काढायचा. खर्च वाढला की नफा घटतो, म्हणून पुढे वजाचं चिन्ह:

```
=-SUMPRODUCT(C2:C3,H2:H3-E2:E3)/100000
```

उत्तर −४.५६. वाहतुकीचं सूत्र असंच, `I` आणि `F` घेऊन, उत्तर −१.२०. विक्रीदराचं सूत्र वजाच्या चिन्हाशिवाय, `G` आणि `D` घेऊन, उत्तर शून्य.

इथे एक बारीक निर्णय आहे, जो बहुतेक जण नकळत घेतात. दरातली ३८ ची वाढ कोणत्या नगांवर मोजायची? या वर्षीच्या १२,००० वर मोजली तर ४.५६, मागच्या वर्षीच्या १०,००० वर मोजली तर ३.८०. उरलेले ०.७६ हे नगवाढ आणि दरवाढ दोन्हींचं सामाईक अपत्य आहे आणि ते कुणाच्या तरी खात्यात टाकावंच लागतं. कंपनीने नगवाढ जुन्या दराने आणि दरवाढ नव्या नगांवर असा नियम ठरवला. उलट नियमही चालला असता. मात्र पुढच्या वर्षी नियम बदलला तर दोन चार्टांची तुलना करता येत नाही, म्हणून हा नियम चार्टखाली बारीक अक्षरात लिहून ठेवला. मला हे लिहिणं चार्टइतकंच गरजेचं वाटतं.

## प्रत्यक्ष काम: चार्ट

`Bridge` शीटवर दोन कॉलम तयार झाले. `A` मध्ये नाव, `B` मध्ये आकडा.

| ओळ | घटक | लाख |
|---|---|---|
| २ | मागील वर्षाचा नफा | १५.०० |
| ३ | नगसंख्या | ९.०० |
| ४ | मिश्रण | −१.४४ |
| ५ | विक्रीदर | ०.०० |
| ६ | मालाचा दर | −४.५६ |
| ७ | वाहतूक दर | −१.२० |
| ८ | पगार | −३.५० |
| ९ | इतर खर्च | −१.३० |
| १० | नियमित नफा | १२.०० |
| ११ | यंत्रविक्री | २.५० |
| १२ | चालू वर्षाचा नफा | १४.५० |

दहाव्या ओळीत `=SUM(B2:B9)` आणि बाराव्या ओळीत `=B10+B11`. शेजारच्या सेलमध्ये तपासणी: बारावी ओळ वजा नफातोटा पत्रकातला नफा, आणि तो शून्य आलाच पाहिजे. हे वेगळं करावं लागतं, कारण शेवटचा स्तंभ पत्रकाशी जुळतो की नाही हे चार्ट आपण होऊन सांगत नाही.

```
=ROUND(B12-PL!C12,2)
```

‘नियमित नफा’ हा मधला थांबा दुसऱ्या आराखड्यात नव्हता. तो संचालकांच्या सांगण्यावरून आला. जुनं यंत्र दरवर्षी विकलं जात नाही, मग त्याचे अडीच लाख बाकीच्या व्यवसायात मिसळून १४.५ दाखवणं त्यांना पटेना. हा थांबा घातल्यावर खरी घट अर्ध्या लाखाची नसून तीन लाखांची आहे हे उघड झालं. कर्ज देणाऱ्यांसमोर ते स्वतःहून दाखवायचं का, यावर थोडी चर्चा झाली. त्यांचे लोक यंत्रविक्री पत्रकात शोधणारच, तेव्हा आपणच दाखवलेलं बरं, असं ठरलं.

`A1:B12` निवडून `Insert` टॅबवरच्या चार्टांमधून `Waterfall` घेतला. पहिल्यांदा जे चित्र येतं ते पाहून बरेच जण गोंधळतात. एक्सेलला प्रत्येक आकडा ही एक पायरीच वाटते. त्यामुळे नियमित नफ्याचा १२ चा स्तंभ जमिनीवर उभा राहण्याऐवजी १२ वर चढून २४ पर्यंत गेला, यंत्रविक्रीने तो २६.५ वर नेला आणि शेवटचा १४.५ चा स्तंभ थेट ४१ वर जाऊन पोचला. खूण सोपी आहे: बाजूच्या अक्षावर तुमच्या कोणत्याही खऱ्या रकमेपेक्षा फार मोठे आकडे दिसले की एकूण रकमेचे स्तंभ जाहीर करायचे राहिले आहेत.

ते जाहीर करायचं तर स्तंभावर एकदा क्लिक केल्यावर सगळी मालिका निवडली जाते. त्याच स्तंभावर थोडं थांबून पुन्हा क्लिक केलं की तो एकटा निवडला जातो आणि बाकीचे फिके पडतात. मग उजवं क्लिक करून `Set as Total`. पहिला, दहाव्या ओळीचा आणि शेवटचा अशा तीन स्तंभांना हे करावं लागलं. पहिला स्तंभ तसाही शून्यापासूनच सुरू होतो, पण तो जाहीर केला नाही तर वाढीच्या रंगात राहतो आणि मागच्या वर्षाचा नफा ‘वाढ’ म्हणून दिसतो.

रंग एकेका स्तंभाला देत बसायचं कारण नाही. लेजंडमध्ये `Decrease` या शब्दावर दोनदा, सावकाश क्लिक केलं की घटीचे सगळे स्तंभ एकत्र निवडले जातात. आकड्यांना एकच दशांश ठेवला. मग लेजंड काढून टाकलं, कारण रंगांचा अर्थ आकड्यांच्या चिन्हांवरून कळत होता.

विक्रीदराचा शून्याचा स्तंभ ठेवायचा की नाही, यावर मतभेद झाले. रिकामी पायरी चार्टची जागा खाते हे खरं. पण गेल्या बैठकीत याच नावाखाली ३.६ लाख लावले गेले होते, म्हणून विक्रीप्रमुखांनी तो ठेवायचा आग्रह धरला आणि मला त्यांचं म्हणणं रास्त वाटतं. कुणीतरी अक्ष १० पासून सुरू करून फरक ठळक करायची सूचनाही केली. ती मान्य झाली नाही, कारण मग १५ चा स्तंभ १२ च्या अडीच पट उंच दिसला असता.

## निष्पत्ती

सवलतींवरचं पत्रक निघालं नाही. त्याऐवजी त्या सुट्या भागाच्या पुरवठादाराशी वर्षभराच्या दराचा करार करण्यासाठी बोलणी सुरू झाली आणि दुसऱ्या पुरवठादाराकडून नमुने मागवले गेले. छोट्या प्रकाराचं काय, हा प्रश्न मात्र सुटला नाही. या वर्षीच्या खर्चाने त्यात नगामागे ३२२ उरतात, मोठ्यात ४२२. विक्रीप्रमुखांच्या मते छोटा घेणारे ग्राहक नवे आहेत आणि मोठा त्यांनी घेतलाच नसता. तसं असेल तर −१.४४ हे नुकसान नाही, नगवाढीच्या +९ मधलीच कपात आहे. चार्ट यावर काही सांगू शकत नाही, त्यासाठी ग्राहकांची यादी तपासावी लागेल.

कर्ज देणाऱ्या संस्थेकडे फाइल पाठवताना एक छोटी अडचण आली. तिथल्या एका संगणकावर एक्सेल २०१३ होतं आणि त्यात हा चार्ट उघडत नाही, त्याच्या जागी चार्ट उपलब्ध नसल्याची सूचना असलेला चौकोन दिसतो. चार्ट कॉपी करून `Paste Special` मधून चित्र म्हणून अहवालात चिकटवला आणि काम झालं. चित्र झाल्यावर आकडे बदलले तरी ते बदलत नाही, त्यामुळे हे अगदी शेवटी करायचं.

## वेगळं काय करता आलं असतं

प्रकारवार आकडे सुरुवातीलाच घ्यायला हवे होते. ते बिलिंगच्या नोंदींमध्ये होतेच, फक्त नफातोटा पत्रकात नव्हते. प्रकार दोनच असताना हे काम अर्ध्या दिवसाचं होतं. प्रकार शंभर असतील तर ते सगळे घेण्यात अर्थ नाही, पण नगामागे उरणारी रक्कम साधारण सारखी असलेल्या प्रकारांचे चार-पाच गट केले तरी बरंचसं मिश्रण उघडं पडतं.

दुसरा मुद्दा पगाराच्या −३.५ चा. त्यातले १.६ लाख ओव्हरटाइमचे होते आणि ओव्हरटाइम वाढीव नगांसाठीच झाला होता. पगार हा स्थिर खर्च म्हणून एकाच स्तंभात ठेवल्यामुळे नगवाढीचा फायदा +९ दिसतो. ओव्हरटाइम त्यातून वजा केला तर तो ७.४ होतो आणि पगाराचा स्तंभ −१.९ वर येतो. लेखाप्रमुखांनी या वर्षी तो बदल केला नाही, कारण मागच्या वर्षीचा ओव्हरटाइम पगारपत्रकात वेगळा नोंदलेला नव्हता आणि हा १.६ चा फरक सुपरवायझरच्या वहीवरून काढलेला होता. चालू महिन्यापासून ओव्हरटाइमसाठी वेगळं खातं उघडलं आहे.